कानाच्या मशीनची किंमत पाच वर्षांवर मांडून बघा

प्रश्न : वडील ७२ वर्षांचे आहेत, दोन्ही कानांनी कमी ऐकू येतं. दोन ठिकाणी दाखवलं. एकाने सगळ्यात वरच्या श्रेणीची रिचार्जेबल जोडी सांगितली, दुसऱ्याने जवळपास निम्म्या किमतीची, सेलवर चालणारी. पहिला म्हणतो सवलत उद्यापर्यंतच आहे. पैसे वडिलांच्या साठवणुकीतले आहेत, चूक झाली तर पुन्हा घेता येणार नाही. काय बघून ठरवावं?

उत्तर :

सवलत उद्या संपत असेल तर संपू द्या. वयोमानानुसार ऐकू येणं कमी होतं ते वर्षानुवर्षं, हळूहळू. त्यात आणखी पंधरा दिवस गेल्याने काही बिघडत नाही. घाई फक्त काही ठरावीक लक्षणांत करायची. एखाद्या कानाचं ऐकणं दोन-तीन दिवसांत अचानक गेलं असेल, कानातून पू येत असेल, चक्कर येत असेल किंवा दोन कानांत खूप फरक असेल, तर मशीनवाल्याकडे न जाता आधी कान-नाक-घसा डॉक्टरांकडे जा. अचानक गेलेल्या ऐकण्यावर पहिल्या काही दिवसांतच उपचार लागू पडण्याची शक्यता असते. तुमच्या वडिलांचं तसं दिसत नाही. तरीही कानात मळ साठलेला नाही ना, हे डॉक्टरांकडून बघून घ्या आणि मगच चाचणीवर विश्वास ठेवा. मळाने बुजलेल्या कानाचा ऑडिओग्राम, म्हणजे ऐकण्याच्या चाचणीचा आलेख, काढून त्यावर मशीन विकलेलं मी पाहिलं आहे.

मी वीसहून जास्त वर्षं ऑडिओलॉजिस्ट, म्हणजे ऐकणं तपासून मशीन बसवून देणारा तज्ज्ञ, म्हणून काम करतो. माझ्याकडे येणाऱ्यांत नवीन मशीन घ्यायला आलेल्यांइतकेच जण घेतलेलं मशीन कपाटात पडलंय म्हणून आलेले असतात. अशाच एक निवृत्त शिक्षिका आल्या होत्या. जोडी वरच्या श्रेणीची, जेमतेम दीड वर्ष जुनी, डबीत अगदी नव्यासारखी. तक्रार एकच होती, "आवाज येतो, पण शब्द कळत नाहीत." अशी तक्रार बहुतेक वेळा सेटिंगची असते. शब्दांची स्पष्टता ज्या बारीक, उंच स्वरांवर अवलंबून असते (स, श, फ यांचे आवाज) ते पुरेसे वाढवलेले नसतात. काम अर्ध्या तासाचं होतं. मी यंत्र संगणकाला जोडलं, तर सॉफ्टवेअरने ते उघडायलाच नकार दिला. त्या विक्रेत्यांच्या साखळीसाठी बनवलेली ती कुलूपबंद आवृत्ती होती. प्रोग्रॅमिंग फक्त त्यांच्याच शाखेत होणार होतं, आणि बाईंच्या जवळची शाखा बंद झाली होती. यंत्रात कसलाही बिघाड नव्हता, वॉरंटीही शिल्लक होती. फक्त ते नीट बसवून देणारं माणूस त्यांच्या आवाक्यात नव्हतं.

म्हणून दोन कोटेशन्स समोर ठेवली की मी आधी किमतीकडे बघतच नाही. हे यंत्र पाच वर्षं कोण बघणार, कुठे बघणार आणि त्याचे किती घेणार, हे आधी विचारतो. चांगलं वापरलेलं मशीन साधारण पाच वर्षं चालतं. काही सात वर्षंही जातात, पण हिशोब पाचाचाच धरावा.

आता वरची श्रेणी आणि मधली श्रेणी यांतला फरक. एकाच कंपनीच्या एकाच मालिकेत तीन-चार श्रेणी असतात. बाहेरून यंत्र तेच, आतली चिपही बऱ्याचदा तीच, आणि काही सोयी सॉफ्टवेअरने उघड्या ठेवलेल्या किंवा बंद केलेल्या असतात. वरच्या श्रेणीत आवाजाचे वेगवेगळे पट्टे हाताळणारे चॅनेल जास्त, गोंगाट कमी करण्याची यंत्रणा जास्त बारकाईची, समोरच्याचा आवाज वेगळा काढणारे माइक जास्त हुशार. हे खोटं नाही. प्रश्न एवढाच, की वापरणाऱ्याला तो फरक जाणवतो का? अमेरिकेत मेम्फिस विद्यापीठात रॉबिन कॉक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नेमकं हेच तपासलं. त्यांचा २०१४ साली छापून आलेला अभ्यास ऐकण्यात सौम्य ते मध्यम घट असलेल्या ज्येष्ठांवर होता. त्यांना मूलभूत आणि वरच्या श्रेणीची यंत्रं प्रत्येकी महिनाभर वापरायला दिली. शब्द समजणं आणि रोजच्या जगण्यात झालेली मदत या दोन्ही बाबतींत यंत्रांनी फायदा दिला, पण श्रेणींमध्ये म्हणण्यासारखा फरक निघाला नाही. यंत्रं नीट मोजून बसवलेली होती, हे मात्र लक्षात ठेवा. घट तीव्र असेल किंवा दिवसभर बैठका, सभा, अनेक माणसांत बोलणं असेल, तर वरच्या श्रेणीची बाजू घेता येते. घरातली माणसं, टीव्ही, फोन आणि संध्याकाळची मित्रमंडळी एवढं विश्व असेल, तर मी मधल्याच श्रेणीपासून सुरुवात करतो.

"नीट मोजून" म्हणजे काय, ते एकदा बघून ठेवा. मग दुकानात बसल्या जागी ओळखता येईल. यंत्र पहिल्यांदा जोडलं की कंपनीचं सॉफ्टवेअर ऑडिओग्रामवरून एक अंदाजी सेटिंग भरतं. बरेच विक्रेते तिथेच थांबतात, "कसं वाटतंय?" विचारतात आणि बिल करतात. पण प्रत्येकाच्या कानाची नळी वेगळ्या लांबीची, वेगळ्या आकाराची. तोच आवाज एकाच्या कानाच्या पडद्याजवळ जास्त पोचतो, दुसऱ्याच्या कमी. म्हणून सुतासारखी बारीक मऊ नळी कानात पडद्याच्या जवळपर्यंत सरकवतात, तिच्यावरून यंत्र घालतात, समोरच्या स्पीकरमधून रेकॉर्ड केलेलं बोलणं ऐकवतात आणि पडद्याजवळ प्रत्यक्ष किती आवाज पोचला, ते संगणकावरच्या आलेखात दिसतं. तो आलेख वडिलांच्या घटीनुसार ठरलेल्या लक्ष्यरेषेला भिडेपर्यंत सेटिंग बदलायची. याला रिअल इअर मेजरमेंट म्हणतात आणि लक्ष्यरेषेसाठी एनएएल-एनएल२ हे सूत्र सर्वांत जास्त वापरलं जातं. अंदाजी सेटिंग उंच स्वरांत लक्ष्याच्या खाली राहणं ही नेहमीची गोष्ट आहे. ते कानाला "मऊ" लागतं आणि पहिल्या दिवशी ग्राहक खूश होतो. दोन्ही ठिकाणी फोन करून एवढंच विचारा, "नळी घालून मोजता का, आणि त्याचा आलेख देता का?" हो असेल तर ते माणूस कमी किमतीचं यंत्रही चांगलं चालवून दाखवेल. "आमचं मशीन ऑटोमॅटिक आहे, गरज नसते" असं उत्तर आलं, तर मी दुसरीकडे जाईन.

ऑडिओग्रामबरोबर शब्दओळखीची टक्केवारीही मागा. पुरेशा मोठ्या आवाजात शब्द ऐकवून किती बरोबर सांगितले, ते त्यात असतं. ८०-९० टक्के असेल तर मशीनकडून चांगली अपेक्षा ठेवा. ४०-५० असेल तर आवाज कितीही वाढवला तरी शब्द फुटलेलेच राहतात. तेव्हा सगळी साठवण यंत्रात घालण्याआधी तुम्हाला आणि वडिलांना ते ठाऊक असायला हवं.

आता ट्रायल. "घालून बघा ना, इथेच बोलून बघू" ही ट्रायल नव्हे. दुकानाची खोली शांत असते, समोरचा माणूस हातभर अंतरावर बसून स्पष्ट बोलतो. तिथे कुठलंही मशीन उत्तम वाटतं. शिवाय अनेक वर्षं कमी ऐकलेल्या मेंदूला वाढलेले आवाज सुरुवातीला कर्कश लागतात. कागदाची सळसळ, नळाचं पाणी, भांडी, स्वतःचाच आवाज, सगळं अंगावर येतं. हे निवळायला काही आठवडे लागतात. त्यामुळे सात दिवसांची ट्रायल फसवी असते. सातव्या दिवशी माणूस नेमका वैतागलेला असतो आणि ते वैतागणं यंत्राचं आहे की सवयीचं, कळत नाही. किमान ३० दिवस मागा, ४५ मिळाले तर छानच. त्यात दोनदा सेटिंगसाठी जाता आलं पाहिजे, एकदा साधारण दहाव्या दिवशी आणि एकदा पंचविसाव्याच्या आसपास.

शब्द "ट्रायल" असला तरी अटी प्रत्येकाच्या वेगळ्या असतात. दिवस बिलाच्या तारखेपासून मोजतात की यंत्र कानात बसल्यापासून? परत केलं तर पैसे परत मिळतात की फक्त दुसऱ्या यंत्रात वळते होतात? "पैसे परत" आणि "बदलून मिळेल" यांत साठवणुकीच्या दृष्टीने जमीन-अस्मानाचा फरक आहे. काही जण चाचणी आणि बसवण्याचा खर्च कापतात. तेही रास्त आहे, माणसाचा वेळ गेलेला असतो. पण तो आकडा आधी लिहून हवा. कानाच्या मापाचा मोल्ड केला असेल तर त्याचे पैसे परत येत नाहीत, कारण तो दुसऱ्या कुणाच्या कानात बसणार नाही. आणि ट्रायलच्या काळात यंत्र बिघडून आठवडाभर त्यांच्याकडे पडलं, तर ते दिवस पुढे वाढवून देणार का, हे विचारायला जवळजवळ सगळेच विसरतात.

घरी एक वही ठेवा. रोज सगळं लिहायची गरज नाही. ट्रायलआधी वडिलांनाच विचारून तीन प्रसंग ठरवा, जे त्यांना सुधारायला हवेत. माझ्या अनुभवात हे प्रसंग फार साधे निघतात. नातवाचं बोलणं, फोनवर बहिणीशी गप्पा, चौघे एकदम बोलत असतानाचं जेवण. आठवड्यातून दोनदा त्या तिन्हींपुढे "कळलं", "अर्धवट", "नाही" एवढंच लिहायचं. किती तास घातलं तेही लिहा, पण त्याची खरी नोंद यंत्रातच असते. संगणकाला जोडलं की दिवसाला सरासरी किती तास वापर झाला, ते दिसतं. "रोज घालतात हो" असं घरचे सांगतात आणि नोंद दाखवते सव्वा तास, असं माझ्यासमोर अनेकदा झालं आहे. दुसऱ्या भेटीत ती नोंद दाखवायला सांगा. दिवसाला आठ-दहा तास वापर नसेल तर ट्रायल झालीच नाही असं समजा आणि का घालत नाहीत ते शोधा. टोचतं? शिट्टी वाजते? स्वतःचा आवाज घुमतो? हे तिन्ही बहुतेक वेळा डोमचा, म्हणजे कानात जाणाऱ्या मऊ टोपीचा, आकार किंवा सेटिंग बदलून सुटतं, त्यासाठी महागडी श्रेणी लागत नाही.

वॉरंटीत आकड्यापेक्षा तारीख आणि वगळलेल्या गोष्टी महत्त्वाच्या. एक वर्ष की तीन, हे सगळे विचारतात. पण ते सुरू कधी होतं? यंत्र विक्रेत्याच्या कपाटात सहा महिने पडून असेल आणि वॉरंटी कंपनीने विक्रेत्याला पाठवल्या दिवसापासून धरली, तर एका वर्षाचं अर्धं वर्ष उरतं. दोन्ही यंत्रांचे अनुक्रमांक बिलावर लिहून घ्या आणि ते वडिलांच्या नावावर कंपनीकडे नोंदवल्याचा कागद मागा. मग रिसीव्हर वॉरंटीत आहे का ते बघा. कानामागचं यंत्र आणि कानात जाणारा बारीक स्पीकर, मध्ये वायर, अशा यंत्रांत सर्वांत आधी मरतो तो हा स्पीकर, म्हणजे रिसीव्हर. मळ आणि ओल यांनी मरतो. "मळामुळे झालेला बिघाड वॉरंटीत नाही" असं वाक्य असेल तर त्या वॉरंटीचा निम्मा जीव गेला म्हणायचा.

दुरुस्तीचं दुखणं इथूनच सुरू होतं, म्हणून एक गोष्ट जवळून दाखवतो. रिसीव्हरच्या टोकाला, डोमच्या आत, टाचणीच्या डोक्याएवढी पांढरी जाळी असते. मळ आत जाऊ नये म्हणून. ती मळाने बुजली की यंत्र मेल्यासारखं गप्प होतं. "बंद पडलं" म्हणून येणाऱ्या यंत्रांत मोठा वाटा या जाळीचाच असतो. बदलायला एक मिनिट लागतं. छोट्या काडीच्या एका टोकाला रिकामा हूक असतो, तो जुन्या जाळीत खुपसून ओढायचा, काडी उलटी करून दुसऱ्या टोकाची नवी जाळी दाबून बसवायची. ट्रायलमध्ये हे वडिलांना किंवा तुम्हाला स्वतःच्या हाताने करून बघू द्या, विक्रेत्याने करून दाखवणं पुरेसं नाही. जाळी बदलूनही आवाज नसेल तर रिसीव्हर. तो विक्रेत्याकडेच साठ्यात असेल तर दहा मिनिटांत बदलून मिळतो, नाहीतर यंत्र कंपनीकडे जातं आणि दोन-तीन आठवडे वडील पुन्हा बहिरे. त्या काळात वापरायला दुसरं यंत्र देता का, हा दुरुस्तीतला माझा पहिला प्रश्न. दुसरा, हे मॉडेल बंद झाल्यावर सुटे भाग किती वर्षं मिळतील. "क्लिअरन्स"मध्ये स्वस्त मिळणारं मॉडेल बऱ्याचदा बंद होण्याच्या वाटेवर असतं. घ्यायला हरकत नाही, पण भागांची मुदत त्याच क्षणी मोजायला लागा. आणि तिसरा, त्या शिक्षिकांमुळे शिकलेला, हे यंत्र दुसऱ्या कुठल्याही ऑडिओलॉजिस्टला उघडता येईल का?

आता तुमची दोन कोटेशन्स मांडू. प्रत्यक्ष रक्कम तुम्ही घाला, मी वरच्या जोडीची किंमत १०० भाग धरतो आणि दुसरीची ५५. बाकीचे आकडे प्रमाण कळावं म्हणून साधारण घेतले आहेत. तुमच्या विक्रेत्यांकडून खरे मागून घ्या.

वरची जोडी, वॉरंटी एक वर्ष. पुढच्या चार वर्षांत दोन रिसीव्हर धरा, प्रत्येकी ४, म्हणजे ८. आतली रिचार्जेबल बॅटरी साधारण चौथ्या वर्षी थकते, बऱ्याच यंत्रांत ती कंपनीतच बदलावी लागते, दोन्हींचे मिळून ९. चार्जर एकदा, ४. पहिलं वर्ष भेटी मोफत, मग वर्षाला दोन, भेटीला १, म्हणजे ८. जाळ्या आणि डोम पाच वर्षांचे ५. बेरीज ३४, एकूण १३४.

दुसरी जोडी, वॉरंटी आणि भेटी तीन वर्षं किमतीतच. शेवटच्या दोन वर्षांत एक रिसीव्हर, ४. चार भेटी, ४. जाळ्या-डोम ५. सेल, १३ नंबरचा एक साधारण दहा दिवस धरला तर दोन कानांना वर्षाला सुमारे ७३, त्याचे वर्षाला ४, म्हणजे २०. बेरीज ३३, एकूण ८८.

"रिचार्जेबल म्हणजे सेलचा खर्च वाचला" हे वाक्य तुम्ही ऐकलं असेलच. इथे चालवण्याचा खर्च दोन्हींकडे जवळपास सारखाच निघाला, फक्त एकीकडे तो दरमहा थोडा थोडा जातो आणि दुसरीकडे चौथ्या वर्षी एकदम अंगावर येतो. आणि बघा, दुसऱ्या जोडीत हा खर्च मूळ किमतीच्या निम्म्याहून जास्त आहे. म्हणजे ५५ खिशात आहेत म्हणून ५५चं यंत्र घेतलं, तर तिसऱ्या वर्षानंतर ते बंद पडायला लागेल तेव्हा हात रिकामे असतील.

रिचार्जेबल घेण्याचं खरं कारण खर्च हे नसून बोटं आहेत. १३ नंबरचा सेल वाटाण्याहून लहान. वडिलांचे हात थरथरत असतील, नजर कमी असेल, बोटांची टोकं बधिर असतील, तर सेल बदलणं रोजची शिक्षा होते आणि यंत्र कपाटात जातं. दुकानात त्यांना स्वतः यंत्राचं सेलचं दार उघडून, जुना सेल काढून, नव्याचा चिकट कागद सोलून, मिनिटभर हवा लागू देऊन बसवायला सांगा. तीनदा. तुम्ही मदत करू नका. तिन्ही वेळा जमलं तर सेलचं घ्या. नाही जमलं, तर मधल्याच श्रेणीत रिचार्जेबल मागा, त्यासाठी सगळ्यात वरची श्रेणी लागत नाही.

वाचलेल्या पैशातून एका वस्तूचा विचार जरूर करा. गळ्यात अडकवायचा किंवा टेबलावर ठेवायचा छोटा माइक, जो समोरच्याचा आवाज थेट यंत्रात पाठवतो. गोंगाटात आणि लांबून ऐकायला श्रेणी वाढवण्यापेक्षा तो जास्त मदत करतो, कारण तो बोलणाऱ्याच्या तोंडाजवळ असतो. निवडलेलं यंत्र असा माइक जोडून घेतं का, एवढं आत्ताच विचारून ठेवा. तो घ्यायचा की नाही, हे ट्रायलच्या वहीत जेवणाच्या टेबलापुढे काय लिहिलं गेलं त्यावरून ठरवा.

दोघांनाही सारखेच प्रश्न लिहून पाठवा आणि उत्तरं लेखीच घ्या, फोनवरची नकोत. ज्याच्याकडे मोजणीचा आलेख, ३० दिवसांत पैसे परत, दुरुस्तीत दुसरं यंत्र आणि न कुलूपलेलं सॉफ्टवेअर आहे, त्याच्याकडे ट्रायल सुरू करा. मुदत संपण्याच्या चार दिवस आधीची तारीख घरातल्या कॅलेंडरवर लिहून ठेवा. त्या दिवशी वडील, वही आणि यंत्र तिघांना घेऊन जा, वापराचे तास समोर काढायला लावा. तिन्ही प्रसंगांत "नाही"च असेल, तर त्या दिवशी आणखी एकदा सेटिंग करून घरी येऊ नका. यंत्र तिथेच ठेवा आणि परतीच्या पावतीवर तारीख घ्या.